नामपूरचा माल नागपूरला का जातो? फोनवर स्पेलिंग सांगायची पक्की पद्धत



मागच्या व्हिडिओत मी फोनवर ऑर्डर घेण्याबद्दल बोललो होतो. त्यातला एक मुद्दा घाईत सुटला. नाव, गाव आणि ईमेल पत्ता फोनवर सांगायचा कसा, तो हा मुद्दा. हे लिहून ठेवण्यासारखं आहे, म्हणून आज ब्लॉगवर.

आधी माझी चूक सांगतो. माझं दुकान नामपूरला, मोसम नदीच्या काठच्या गावात. पंप आणि ठिबकचं सामान विकतो. एका एप्रिलमध्ये आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या सोलर पंपाच्या कंट्रोलरचं कार्ड जळालं. डाळिंबाची बाग, उन्हाळा आणि पंप बंद. मी पुण्याच्या एका सप्लायरला फोन लावला, पैसे टाकले आणि पत्ता सांगितला, "नामपूर, जिल्हा नाशिक." समोरचा म्हणाला, "हो हो, झालं साहेब." मीही "बरोबर ना?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

तीन दिवसांनी ट्रॅकिंग बघितलं, तर पार्सल नागपूरला. त्या मुलाने गावाचे पहिले दोन अक्षर टाइप केले, समोर नागपूर आलं, त्याने ते निवडलं आणि पिन कोडही त्याच गावाचा भरला गेला. `NAMPUR` आणि `NAGPUR`, फरक एका अक्षराचा. पार्सल परत यायला आणखी पाच दिवस लागले. तोवर त्या काकांनी मालेगावहून दुसरं कार्ड आणून बसवलं होतं. ते दुकानात येऊन अहिराणीत एवढंच म्हणाले, "भाऊ, माल नागपूरले गया, मंग झाडे बी नागपूरलेच धाडू का?" त्यानंतर वर्षभर ते माझ्याकडे आले नाहीत.

मी त्या मुलावर चिडलो होतो. नंतर शांतपणे विचार केला. नामपूर हे नाव त्याने आयुष्यात ऐकलेलं नव्हतं आणि नागपूर हजारदा ऐकलेलं होतं. कानाला अर्धवट आवाज आला की डोकं ओळखीचं नाव घालून मोकळं होतं. त्याला अनोळखी नाव देताना ते अक्षर अक्षर करून देणं माझं काम होतं.

फोनवर अक्षरं का घोटाळतात

तुम्ही म्हणाल, मग स्पेलिंग सांगायचं, एन ए एम पी यू आर. अडचण अशी की इंग्रजी अक्षरांची नावंच एकमेकांसारखी आहेत.

आपण जसे उच्चार करतो तसे मोजा. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही आठ अक्षरं 'ई'वर संपतात. एफ, एल, एम, एन, एस, एक्स ही सहा 'ए'ने सुरू होऊन एका छोट्या आवाजावर संपतात. ए, एच, जे, के यांच्यात पुन्हा तोच 'ए' आहे. म्हणजे 26 पैकी 18 अक्षरं या तीन घोळक्यांत बसली. प्रत्येक घोळक्यात वेगळा असतो तो एक छोटासा आवाज, तोही क्षणभराचा.

आता नेमका तोच आवाज फोन खातो. साध्या टेलिफोन कॉलमध्ये साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जातो. समोरासमोर बोलताना आपण याच्या कितीतरी वरचं ऐकतो. 'स' आणि 'फ' यांच्यातला फरक दाखवणारी सळसळ बरीचशी या मर्यादेच्या वर असते. म्हणून एस आणि एफ फोनवर एकसारखे वाटतात. एम आणि एन दोन्ही नाकातून येणारे, त्यामुळे त्यांचीही गल्लत होते. आता अनेक मोबाईलवर आवाज स्वच्छ येतो, कारण नवे कॉल जास्त रुंद आवाज पाठवतात. पण समोरचा लँडलाइनवर असेल, गोडाऊनमध्ये असेल किंवा रेंज एका काडीवर असेल, तर तो फायदा जातो.

म्हणून "एम... एम... अहो एम!" असं ओरडून काही होत नाही. आवाज मोठा होतो, फरक मोठा होत नाही. फरक मोठा करायचा तर त्या अक्षराला एक अख्खा शब्द जोडावा लागतो. शब्दातला एक तुकडा ऐकू आला नाही तरी उरलेल्या तुकड्यावरून माणूस शब्द ओळखतो. "मुंबई" मधलं "बई" ऐकू आलं तरी पुरे.

विमानवाल्यांनी हे कसं सोडवलं

ही अडचण रेडिओवर बोलणाऱ्यांनाही सोडवावी लागली, कारण तिथे एका अक्षराची चूक म्हणजे वेगळंच विमान. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही यादी ठरवली. त्यातली गंमत आपल्या कामाची आहे. 1951 मध्ये जी यादी वापरात आली, तिच्यात सी साठी कोका, एम साठी मेट्रो आणि एन साठी नेक्टर असे शब्द होते. वापरात आणि चाचण्यांत काही शब्द नीट टिकले नाहीत. मग सी, एम, एन, यू आणि एक्स या पाच अक्षरांचे शब्द बदलले आणि 1 मार्च 1956 पासून आजची यादी लागू झाली. एम साठी माइक, एन साठी नोव्हेंबर. आय साठी तर त्यांनी इंडियाच ठेवला आहे.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, शब्द कागदावर छान दिसतो म्हणून चालत नाही, ऐकणाऱ्याला कळतो का ते बघायचं आणि नसेल कळत तर बदलायचा. दोन, ऐकणारा कोण आहे त्यावर शब्द ठरतो. पायलटला "क्वेबेक" पाठ असतं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातल्या माणसाला तुम्ही "ज्युलिएटचा जे" म्हणालात, तर तो आधी विचारेल कोण ज्युलिएट. म्हणून आपली यादी आपल्या ओळखीच्या शब्दांची.

शब्द निवडताना कुठे फसतो

मी सुरुवातीला जे सुचेल ते बोलायचो आणि दर वेळी नवीन खड्ड्यात पडायचो. ते खड्डे सांगतो, म्हणजे तुमची यादी तुम्हीच तपासू शकाल.

पहिला खड्डा स्पेलिंग आणि आवाज वेगळे असण्याचा. "फोटोचा पी" म्हणालो, तर समोरच्याने एफ लिहिला. बिचाऱ्याने 'फ' ऐकला, त्याचं काय चुकलं? तसंच "इंग्लंडचा ई". आपण उच्चार 'इ'ने करतो, त्यामुळे समोरचा आय लिहितो. त्यापेक्षा "एलिफंटचा ई" बरा, कारण एलिफंट शाळेपासून ई सोबतच पाठ आहे.

दुसरा खड्डा व चा. मराठीत व एकच, इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू दोन. वसई व्हीने लिहितात आणि वर्धा डब्ल्यूने. "वर्ध्याचा" म्हटल्यावर कोणता व समजायचा? म्हणून व्ही साठी व्हिक्टरी ठेवा. डब्ल्यू हे नाव मुळातच लांब आहे आणि कशातच मिसळत नाही, तरी वॉशिंग्टन म्हणायला हरकत नाही.

तिसरा खड्डा बदललेल्या नावांचा. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही शहरं कित्येक लोक ए आणि ओ साठी वापरायचे. 2023 मध्ये त्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. आता ऐकणारा क्षणभर अडकतो आणि तेवढ्यात पुढची दोन अक्षरं निघून जातात. उलट बेंगलोरचं बेंगळुरू झालं, ओरिसाचं ओडिशा झालं, तरी पहिलं अक्षर तेच राहिलं. असे शब्द चालतात.

चौथी गोष्ट खड्डा नाही, उलट सोय आहे. शब्द थोडा चुकीचा ऐकू आला तरी पहिलं अक्षर तेच राहत असेल, तर काही बिघडत नाही. तुम्ही "सटाण्याचा एस" म्हणालात आणि समोरच्याने सातारा ऐकलं, तरी कागदावर एसच येतो.

आमच्या दुकानात फोनशेजारी चिकटवलेली यादी ही. माल राजकोटहूनही येतो आणि कोइमतूरहूनही, म्हणून भारतभर कळतील असेच शब्द घेतले आहेत.

ए – अमेरिका, बी – बेंगलोर, सी – चेन्नई, डी – दिल्ली, ई – एलिफंट
एफ – फ्रान्स, जी – गोवा, एच – हैदराबाद, आय – इंडिया, जे – जयपूर
के – केरळ, एल – लंडन, एम – मुंबई, एन – नाशिक, ओ – ओडिशा
पी – पुणे, क्यू – क्वीन, आर – राजस्थान, एस – सुरत, टी – टोमॅटो
यू – उदयपूर, व्ही – व्हिक्टरी, डब्ल्यू – वॉशिंग्टन, एक्स – एक्स-रे
वाय – योगा, झेड – झेब्रा

"एम फॉर मुंबई" म्हणू नका

हे ऐकून आमच्या बॅचमधले सगळे हसतात, पण हे खरं घडलं आहे. मी एका गोडाऊनच्या माणसाला ईमेल सांगत होतो, "डी फॉर दिल्ली, ई फॉर एलिफंट." त्याने लिहिलं डी, मग आकडा चार, मग ई, मग पुन्हा चार. फॉर म्हणजे त्याच्या कानाला चार. ईमेलमध्ये आकडे असतातच, त्यामुळे त्याला काही विचित्र वाटलं नाही. दुसऱ्या एकाने तर अख्खं मुंबई हा शब्दच पत्त्यात टाकला होता.

मराठीत याचं सोपं उत्तर आहे, ते म्हणजे "चा". "मुंबईचा एम, नाशिकचा एन." आकड्याशी गोंधळ नाही, आणि एम हे अक्षर शेवटी येतं, म्हणून हात तेच लिहितो. हिंदीत बोलत असाल तर "मुंबई वाला एम". सुरू करण्याआधी एक वाक्य बोलायचं, "मी एकेक अक्षर सांगतो, गावाचं नाव फक्त ओळखीसाठी आहे." एवढ्याने अख्खा शब्द लिहिणारे थांबतात.

आता एक पूर्ण कॉल करून बघू

समजा, एका कारखान्याच्या खरेदी विभागाला तुमच्याकडून कोटेशन हवं आहे आणि ऑर्डर ते ईमेलवरच पाठवणार आहेत. तुमचा पत्ता असा आहे असं धरू. (`example.com` हे नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, म्हणून तेच घेतलं.)

`vb_deore50@example.com`

हा पत्ता मुद्दाम अडचणीचा घेतला आहे. व्ही आणि बी एका घोळक्यातले. मधे अंडरस्कोअर. देवरे हे आडनाव आमच्या भागात लोक `DEORE`, `DEVRE` आणि `DEWARE` असं तिन्ही प्रकारे लिहितात. आणि शेवटी 50, जे इंग्रजीत सांगितलं तर फिफ्टी की फिफ्टीन हा वाद.

पहिली पायरी, आकार सांगा. "पत्त्यात ॲटच्या आधी दहा खुणा आहेत. सगळं स्मॉलमध्ये, मधे कुठेही जागा नाही." आता समोरच्याकडे मोजायला काहीतरी आहे. शेवटी नऊ भरल्या तर त्यालाच कळेल की एक राहिली.

दुसरी पायरी, तुकडे करा. "व्हिक्टरीचा व्ही, बेंगलोरचा बी." इथे थांबा. समोरचा "हं" म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. "मग अंडरस्कोअर, म्हणजे खाली आडवी रेघ. मधली छोटी रेघ नाही, खालची." हायफन आणि अंडरस्कोअर या दोघांनाही लोक "डॅश" म्हणतात, म्हणून रेघ कुठे आहे ते सांगायचंच.

तिसरी पायरी, आडनाव. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण समोरच्याला वाटतं की त्याला हे नाव येतं. म्हणून आधी अडवा. "देवरे, पण माझं स्पेलिंग व्ही न वापरता आहे, तेव्हा ऐकून लिहा. दिल्लीचा डी, एलिफंटचा ई, ओडिशाचा ओ, राजस्थानचा आर, एलिफंटचा ई."

चौथी पायरी, आकडे एकेक. "आता दोन आकडे. पाच. शून्य." पन्नास नाही, फिफ्टी नाही. मोबाईल नंबरलाही हाच नियम. आपण मराठीत जोड्या करून सांगतो, एकोणसाठ, एकोणसत्तर, आणि समोरचा तरुण मुलगा पेन हातात धरून बसून राहतो. सात आणि साठ तर फोनवर सारखेच ऐकू येतात. शून्याला "ओ" म्हणू नका, ते अक्षर आहे. बँकेचा आयएफएस कोड सांगतानाही हे लक्षात ठेवा. त्यातलं पाचवं स्थान नेहमी शून्याचं असतं, ओ चं नाही.

पाचवी पायरी, शेपूट. "ॲट", मग कंपनीचं नाव, मग "डॉट कॉम". डॉट कॉम आहे की डॉट को डॉट इन, ते स्पष्ट सांगा.

सहावी पायरी सगळ्यात महत्त्वाची. "बरोबर ना?" असं विचारायचं नाही. त्याला उत्तर नेहमी "हो" असतं, माझं पार्सल त्याच "हो"वर नागपूरला गेलं. म्हणायचं, "दादा, तुम्ही काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा." तो नुसती अक्षरं वाचत असेल तर जिथे शंका आहे तिथे विचारा, "तो बी बेंगलोरचा ना?" कारण तो डी वाचत असेल आणि तुम्हाला बी ऐकू येत असेल, हेही होतं. तुमच्या डोक्यात बरोबर उत्तर असतं, म्हणून तुमचा कानही तुम्हाला फसवतो.

हे सगळं करायला एक मिनिट लागतं. मी घड्याळ लावून बघितलं आहे.

ऐकायची बाजू तुमच्याकडे असेल तेव्हा

गिऱ्हाईक पत्ता सांगतंय आणि तुम्ही लिहिताय, तेव्हा यादी तुम्हीच वापरायची. त्याला यादी शिकवत बसू नका. तो "एम" म्हणाला की तुम्ही विचारा, "मुंबईचा एम की नाशिकचा एन?" दोन पर्याय समोर ठेवले की माणूस पटकन निवडतो.

काही चुका पत्ता बघूनच पकडता येतात. जीमेलच्या पत्त्यात ॲटच्या आधी फक्त अक्षरं, आकडे आणि टिंब चालतात. अंडरस्कोअर किंवा हायफन चालत नाही. म्हणजे कोणी अंडरस्कोअर सांगून पुढे "ॲट जीमेल डॉट कॉम" म्हणालं, तर पत्ता नक्की चुकलेला आहे. एकतर ते टिंब असेल किंवा कंपनी दुसरी असेल, लगेच विचारा. आणि जीमेलमध्ये टिंब राहिलं किंवा जास्त पडलं तरी मेल त्याच माणसाला जातो, कारण जीमेल नावातली टिंबं मोजत नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या पत्त्यांबाबत मात्र असं धरून चालू नका.

पत्ता लिहून झाला की फोन चालू असतानाच एक ओळीचा मेल टाका आणि "आला का?" विचारा. तो "आला" म्हणाला तरच पत्ता पक्का. "मेल परत आला नाही, म्हणजे पोचला" हा हिशोब चुकीचा आहे. चुकीचा पत्ता अस्तित्वातच नसेल तर पत्ता सापडला नाही असा मेल तुमच्याकडे येतो. पण `vb` च्या जागी `vd` लिहिलं आणि त्या नावाचा खरंच कोणी असेल, तर तुमचं कोटेशन, तुमचे भाव आणि तुमचा खाते नंबर त्याच्या इनबॉक्समध्ये शांतपणे जाऊन बसतो. तुम्हाला काहीच कळत नाही. तुम्ही ऑर्डरची वाट बघता आणि खरेदीवाले तुमच्या कोटेशनची.

आता कोणी म्हणेल, व्हॉट्सॲपवर पाठवून द्यायचं ना, कशाला एवढा उपद्व्याप? शक्य असेल तिथे तेच करा, मीही तेच करतो. लिहिलेलं हे बोललेल्यापेक्षा केव्हाही बरं. पण ऑफिसचा लँडलाइन, कस्टमर केअर, ट्रान्सपोर्टचा बुकिंग काउंटर, ट्रकमध्ये बसलेला ड्रायव्हर, अशा ठिकाणी आजही बोलूनच काम होतं. आणि नेमक्या तिथेच चूक महागात पडते.

आता मी गाव कसं सांगतो ते ऐका. "नामपूर. नागपूर नाही. नाशिकचा एन, अमेरिकेचा ए, मुंबईचा एम, पुण्याचा पी, उदयपूरचा यू, राजस्थानचा आर. तालुका बागलाण, जिल्हा नाशिक. पिन कोड मी सांगतो तोच टाका, गावावरून आपोआप आलेला ठेवू नका. आता वाचून दाखवा." ज्या नावाशी घोटाळा होतो ते नाव मी आधीच तोडून टाकतो. तुमच्या गावाचं, आडनावाचं किंवा दुकानाच्या नावाचं असं एखादं जुळं असेलच, ते शोधून ठेवा.

आज एवढंच काम करा. तुमचा ईमेल, आडनाव आणि गाव या तिन्हींचं "चा" लावून केलेलं स्पेलिंग एका कागदावर लिहा आणि फोनजवळ चिकटवा. मग दुसऱ्या गावातल्या एखाद्या मित्राला फोन करून ते त्याला लिहून घ्यायला सांगा आणि त्याने लिहिलेल्याचा फोटो मागवा. जे अक्षर चुकलेलं दिसेल, त्याचा शब्द बदला.

ते काका आता परत येतात आमच्याकडे. मागच्या महिन्यात एक स्टार्टर मागवायचा होता, तेव्हा मी फोनवर पत्ता सांगेपर्यंत काउंटरसमोर उभे राहून ऐकत होते. "मुंबईचा एम" आलं तशी त्यांनी मान डोलावली आणि मगच पैसे काढले.

भेटू पुढच्या व्हिडिओत.